शिळा कोन

साडेतीन टनांचा लोड भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या हुडावर पहिल्यांदा आदळला तेव्हा पत्रा कागदासारखा फाटला. मी केबिनच्या काचेआड उभी होते. आवाज इतका मोठा होता की माझ्या हातातला माऊस खाली पडला, आणि मला आठवतंय, मी वाकून तो आधी उचलला. बाहेर माणसं पळत होती आणि मी माऊस उचलत होते.

हा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीतला, गॅल्व्हनायझिंगचा. विजेच्या मनोऱ्यांचे लोखंडी अँगल आधी अ‍ॅसिडच्या टाकीत धुवायचे, मग फ्लक्स नावाच्या खारट पाण्यात बुडवायचे आणि शेवटी वितळलेल्या जस्तात. जस्त साडेचारशे अंशांवर असतं आणि दिसायला आरशासारखं शांत. अँगल एका आडव्या बीमला तारांनी टांगलेले असतात आणि तो बीम क्रेनच्या हुकाला. क्रेन चालवणारा माणूस रिमोट गळ्यात अडकवून लोडच्या बाजूने चालत राहतो.

इथले क्रेनवाले काका बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचे. पन्नाशी ओलांडलेले, घरची थोडी भातशेती, बाकी सगळं आयुष्य या एका क्रेनवर गेलेलं. टांगलेलं ओझं थांबवलं की ते पुढे झुलतंच. काका लोड पुढे जायला लागला की हुक जिला लटकतो ती वरची ट्रॉली नेमकी तेवढीच त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवायचे आणि लोड खांबासारखा उभा राहायचा. ते याला झोक पकडणं म्हणायचे. दुसऱ्या पाळ्यांतल्या माणसांना हे जमत नव्हतं. टाक्यांच्या कडा फुटत होत्या, एकदा अ‍ॅसिड उडून एकाचा पाय भाजला होता. म्हणून साहेबांनी, म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजरनी, झोक आपोआप थांबवणारं कंट्रोल बसवायचं ठरवलं. आमची कंपनी तेच काम करायची आणि ते काम माझ्याकडे आलं.

हुकावर मी एक सेन्सर बसवला. दोर किती कलला आहे आणि किती वेगाने कलतो आहे, हे तो सेकंदाला पन्नास वेळा मोजायचा आणि वायरलेसने वर ट्रॉलीवरच्या पॅनलला कळवायचा. पॅनल त्या हिशेबाने ट्रॉली मागेपुढे सरकवायचं. काका जे डोळ्याने आणि अंगठ्याने करायचे, तेच. केबल टाकली असती, पण त्या वाफेत हुकापर्यंत जाणारी केबल महिना टिकत नाही. वायरलेस घ्या, असं मीच लिहून दिलं होतं.

चाचणी सुट्टीच्या दिवशी घेतली. कारखाना बंद, शेडमध्ये मी, काका आणि साहेब, आम्ही तिघंच. काकांनी लोड नेला, सोडला. दोन झोक आणि लोड उभा.

"हा त माझ्याहून हुशार हाय," काका हसले.

मी त्यांना म्हटलं, "काका, आता झोक पकडायला जायचं नाही. तुमचा हात आणि त्याचा हात एकदम लागला की दोघांची ओढाताण होते. जॉयस्टिक सोडायची आणि बघत राहायचं. ते स्वतः थांबवेल."

"आन नाय थांबवलं तर?"

"थांबवेल."

त्या दिवसानंतर सगळं दोन महिने नीट चाललं. मग एका सोमवारी काकांचा फोन आला. लोड उभा राहत नाही, चळ लागल्यासारखा हलत राहतो आणि मग थांबतो, असं ते सांगत होते. मी तेव्हा बदलापूरच्या एका कामावर होते.

"पॅनलवरचा दिवा कुठला आहे? हिरवा की लाल?"

"हिरवा."

"मग लिंक ठीक आहे. दोर घासत असेल कुठेतरी. मी शुक्रवारी येते."

तो दिवा मीच जोडला होता. वायरलेस जोडलेलं आहे एवढंच तो सांगायचा. आलेली बातमी ताजी आहे की नाही, हे तो सांगत नव्हता.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी केबिनमध्ये बसून ग्राफ बघत होते. त्याच आठवड्यात साहेबांनी भट्टीभोवती आठ वायरलेस कॅमेरे लावून घेतले होते. सोमवारी त्यांची नुसती चाचणी झाली होती, आज ते पूर्ण चालू झाले होते आणि ऑफिसातला जो तो मोबाइलवर भट्टी बघत होता. साहेबांनी मलाही दाखवली. "देखो मॅडम, चिखलोलीत घरी बसून मी इथली राख बघू शकतो."

जस्तावर राख जमते, ती लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढावी लागते. ते काम करणारा माणूस भट्टीच्या कडेच्या फळीवर उभा होता. चाळिशीचा, उल्हासनगरला भावासोबत राहणारा. अंगावर चामड्याचा एप्रन आणि तोंडावर जाळीची ढाल.

काकांनी फ्लक्सच्या टाकीतून लोड उचलला. अँगलवरून पाणी गळत होतं. ट्रॉली भट्टीकडे आली, काकांनी अंगठा काढला, आणि मी सांगितलं होतं तसे हात बाजूला घेतले.

लोड हातभर पुढे गेला. ट्रॉली त्याच्यामागे गेली, पण उशिरा. लोड परत फिरला होता आणि ट्रॉली अजून पुढेच चालली होती. मग ट्रॉली मागे वळली, तेव्हा लोड पुन्हा पुढे निघाला होता. पुढचा झोक दोन हातांचा झाला. माझ्यासमोरच्या ग्राफवर एक सुंदर गुळगुळीत लाट होती आणि तिची प्रत्येक उंची आधीपेक्षा मोठी होती. मला वाटलं सेन्सर बिघडला. काचेतून बाहेर बघायला मला एवढा वेळ लागला.

काकांनी चार झोक वाट बघितली. नंतर मी मोजले, ग्राफवरून, चारच. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांनी तेवढा वेळ दिला. पाचव्याला त्यांनी हात घातला आणि झोक पकडायला गेले, पण वरचं पॅनल त्यांच्या उलट ओढत होतं. सहाव्याला लोड हुडावर आदळला आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

ट्रॉली जागच्या जागी थांबली. पण बटणाने मोटर थांबते, हवेत निघालेलं साडेतीन टन लोखंड थांबत नाही. ते परत आलं आणि भट्टीच्या कडेला धडकलं. तारा तुटल्या. सात-आठ ओले अँगल वरून सरळ जस्तात पडले.

ओलं लोखंड वितळलेल्या जस्तात असं पडलं की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती जस्त घेऊन वर येते. मी वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी. चांदीचं एक झाड भट्टीतून उभं राहिलं आणि त्या माणसावर पडलं. ढालीने तोंड वाचलं. पण मानेवरून ते एप्रनच्या आत गेलं आणि हातमोज्याच्या तोंडातून आत. तो फळीवरून उडी मारून पळाला आणि पळताना हातमोजा ओढून काढायला गेला. हातमोज्यासोबत कातडी आली. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. दोघांनी त्याला पकडून शॉवरखाली आडवं केलं, तर तो त्यांना लाथा मारत होता, चावत होता.

मग मुकादमाने राखेचं फावडं उचललं.

तो कंत्राटी कामगारांचा मुकादम, भाजलेला माणूस त्याचाच. त्याने काकांना गाठलं आणि दांड्याचा पहिला तडाखा पाठीत घातला. "पिऊन आलास? साल्या, पिऊन आलास?"

"मी बोट काढलं व्हतं," काका ओरडले. "गारी आपली आपणच पलत व्हती!"

दुसरा फटका त्यांनी हातावर झेलला. मनगट मोडल्याचा आवाज मला काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू आला असं अजूनही वाटतं. ते खाली बसले. मग पाच-सहा जण त्यांच्यावर तुटून पडले. लाथा बुटांच्या होत्या, पोलादी टोकाच्या सेफ्टी बुटांच्या. रिमोट अजून गळ्यातच होता आणि त्याच्याच पट्ट्याला धरून कोणीतरी काकांना फरफटत होतं. साहेब गॅलरीत उभे होते. त्यांनी थांबा म्हटलं नाही.

मी खाली धावले. "सोडा त्यांना, मरतील ते!" असं ओरडत मी मध्ये घुसले. एकाने मला कोपराने ढकललं, मी टाकीच्या कठड्यावर पडले. काकांनी माझ्याकडे बघितलं. ओठ फाटलेला, एक दात हनुवटीला चिकटलेला. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, की ट्रॉली यांनी चालवली नाही, माझ्या कंट्रोलने चालवली. मी ते बोलले नाही. सोडा, सोडा एवढंच ओरडत राहिले.

अ‍ॅम्ब्युलन्स भाजलेल्या माणसाला घेऊन उल्हासनगरच्या इस्पितळात गेली. काकांना कोणीतरी रिक्षात घातलं.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये मला एक कागद दिला. ऑपरेटरने जॉयस्टिक झटक्याने चालवल्यामुळे लोड झुलला, असं त्यावर टाइप केलेलं होतं. "सिर्फ सही करा. तुमची सिस्टिम ठीक होती, बरोबर? दिवा हिरवा होता. मी स्वतः बघितला."

"लॉग बघून करते," मी म्हटलं, आणि लॅपटॉप घेऊन घरी आले.

कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई दुपारची झोपली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॉग, म्हणजे पॅनलने ठेवलेल्या नोंदी, उघडल्या. प्रत्येक मोजणीसोबत सेन्सर स्वतःची वेळ लिहून पाठवायचा. पॅनल ती मोजणी कधी मिळाली ते लिहून ठेवायचं. दोन्ही रकाने माझ्याच फाइलमध्ये शेजारी शेजारी होते आणि मी ते कधीच एकमेकांतून वजा केले नव्हते. आता केले.

नेहमी फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा होता. सोमवारी तो मधेच वाढून परत खाली आला होता. त्या सकाळी कॅमेरे चालू झाल्यावर तो वाढत गेला, कमी झाला, पुन्हा वाढला, आणि काकांनी अंगठा काढला त्या वेळी दीड सेकंदाच्या वर होता.

प्रश्न फक्त हरवलेल्या मोजणीचा नव्हता. सेन्सरचा रेडिओ फार प्रामाणिक होता. हवेत कॅमेऱ्यांची गर्दी झाली, एक मोजणी पोचली नाही, की तो तीच पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा आणि मागच्या नव्या मोजण्या रांगेत उभ्या राहायच्या. रांग लांबत गेली. पॅनलला क्रमाने, नेमानं, एकही न चुकवता शिळे कोन मिळत होते. मधे काही वेळ काहीच मिळायचं नाही, तेव्हा माझा प्रोग्रॅम शेवटचा कोन खरा धरून चालायचा. तेही मीच लिहिलं होतं.

मुलाला झोक्यावर बसवून ढकलणाऱ्याला हे समजेल. झोका आपल्याकडे येत असताना हात लावला तर तो मंदावतो. तोच हात थोडा उशिरा लागला, झोका परत निघाल्यावर, तर झोका उंच जातो. हात तोच असतो, जोर तोच असतो. आमच्या लोडचा एक पूर्ण झोक साडेचार सेकंदांचा होता. त्याच्या पाव भागापेक्षा, म्हणजे सव्वा सेकंदापेक्षा थोडा कमी, एवढा उशीर झाला की थांबवणारा हात निकामी होतो. त्याहून जास्त झाला की तो ढकलायला लागतो. मोटरला वळायला लागणारा वेळ त्यातच धरायचा. दीड सेकंद शिळ्या बातमीवर माझं कंट्रोल साडेतीन टनांना प्रत्येक झोक्याला इमानेइतबारे धक्का देत होतं. आणि सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या हवेत, मी ते तपासून पास केलं होतं.

संध्याकाळी आमच्या सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, फोन केला. ते सगळं ऐकून म्हणाले, "तू हे कुणाला लिहून दिलं नाहीयेस ना अजून? मग सही कर आणि तिथून बाहेर पड. कंट्रोल नंतर गुपचूप सुधारू."

मी सही केली नाही. पण दुसरं काहीही केलं नाही, आणि त्या एका दिवसाचं काय झालं ते सांगायला हवं.

शनिवारी भाजलेल्या माणसाचा भाऊ सात-आठ जणांना घेऊन काकांच्या पाड्यावर गेला. कारखान्यात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की क्रेनवाला दारू पिऊन होता. त्यांनी कौलांवर दगड घातले, मोटरसायकल अंगणात पेटवली, दार तोडलं. काका प्लास्टर घातलेल्या हाताने आत पडले होते. त्यांची बायको दारात आडवी झाली तेव्हा एक दगड तिच्या कपाळाला लागला.

हे मला रविवारी सकाळी वॉचमनने फोनवर सांगितलं. मी स्कूटर काढली आणि बारवीच्या रस्त्याला लागले.

अंगणात मोटरसायकलचा काळा सांगाडा होता आणि रबराचा वास. काकू उंबऱ्यात बसून फुटकी कौलं गोळा करत होत्या. डोक्याला पट्टी, पट्टीतून रक्त आलेलं. मी कोण ते कळल्यावर त्या उठल्या, आत गेल्या आणि कोयता घेऊन बाहेर आल्या.

"ही ती? हिनंच सांगतलं ना तुमाला, हात सोर?"

कोयता माझ्या खांद्याच्या उंचीवर होता. मी मागे सरकले नाही, ते धैर्य नव्हतं, पाय हलले नाहीत. काकांनी आतून हाक मारली आणि स्वतः भिंतीला धरत बाहेर आले. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. त्यांनी चांगल्या हाताने बायकोचं मनगट धरलं.

"काका, तुमची चूक नव्हती," मी म्हटलं. "कोन उशिरा पोचत होता. माझी चूक आहे. माझ्याकडे लॉग आहे."

"मला ठावं हाय माझी चूक नव्हती," ते म्हणाले. "बावीस वरसं झोक पकरला मी. मला काय सांगतेस, बाय? तिकरं सांग. ज्यांनी मारलं त्यांना सांग. सगल्यांसमोर."

काकूंनी कोयता उंबऱ्यावर असा मारला की लाकडात रुतून बसला.

मंगळवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. मी सरांना विचारलं नाही, साहेबांनाही नाही. इन्स्पेक्टर शेडमध्ये आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की साहेबांनी टाइप केलेला रिपोर्ट खोटा आहे आणि मी ते दाखवू शकते. साहेब हिंदीत ओरडायला लागले. "आप होश में हैं? कंपनी बंद करवायेंगी?" इन्स्पेक्टर वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी साहेबांना हातानेच गप्प केलं आणि मला विचारलं, "माणूस न मारता दाखवता येईल?"

येईल, मी म्हटलं.

भट्टीपासून लांबच्या टोकाला, रिकाम्या जागेवर, हुकाला सिमेंटचा एक ठोकळा टांगला. वजन तेवढंच, दोर तेवढाच. भोवती साखळ्या बांधून सगळ्यांना दूर ठेवलं. ठोकळ्याच्या एका बाजूला रिकामे ड्रम रचलेले होते, ते मी मुद्दाम तसेच राहू दिले. काका आले होते, हात गळ्यात बांधलेला. मुकादम होता. भाजलेल्या माणसाचा भाऊही आला होता, त्याला मीच निरोप पाठवला होता.

"रिमोट काकांच्या गळ्यात घाला," मी म्हटलं.

"ह्याच्या?" मुकादम म्हणाला.

"त्यांच्याच."

आधी कॅमेरे बंद ठेवले. काकांनी एका अंगठ्याने ठोकळा पुढे नेला आणि सोडला. दोन झोक, तिसऱ्याला उभा. मग कॅमेरे चालू केले आणि ऑफिसातल्या सगळ्यांना मोबाइलवर ते उघडायला सांगितले, शुक्रवारसारखे. थोडं थांबले. लॅपटॉपवर दोन वेळांमधला फरक चढताना दिसला तेव्हा काकांना मान हलवून सांगितलं.

त्यांनी ठोकळा पुन्हा तेवढाच नेला, सोडला, आणि दोन्ही हात वर केले. एक उघडा, एक प्लास्टरचा. सगळ्यांना दिसावेत असे.

पहिला झोक लहान होता. दुसरा त्याहून मोठा. वर ट्रॉली एकटीच धावत होती, मागे, पुढे, प्रत्येक वेळी जरा चुकून. मधे एकदा झोक कमी झाला. हवा क्षणभर मोकळी झाली असणार. मुकादम म्हणाला, "थांबला की." तेवढ्यात तो पुन्हा वाढला. पाचवा, सहावा. वर दोराची करकर. आठव्या झोक्याला ठोकळा ड्रमांमध्ये घुसला आणि चार ड्रम पापडासारखे चेपले गेले. एक उडून साखळीपर्यंत आला. इन्स्पेक्टर ओरडले, "बंद करा!" काकांनी लाल बटण दाबलं. ट्रॉली थांबली, ठोकळा झुलतच राहिला आणि आणखी दोनदा ड्रमांवर आदळला.

काकांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम खाली बघत होता.

मी हिंदीत समजावलं, रांग काय, शिळा कोन काय, दिवा काय. भाऊ नीट ऐकत होता. तो तिशीतला, दणकट, कपड्यांच्या दुकानात गाठोडी उचलणारा. माझं झाल्यावर त्याने विचारलं, "मतलब इस आदमी ने कुछ नहीं किया?"

"नहीं."

"तो मशीन किसने बनाई?"

"मैंने."

त्याने मला मारलं. उघड्या हाताने, पण पूर्ण ताकदीने, डाव्या कानावर. मी पडले. उठले तर दुसरी बसली, त्याच बाजूला. डोक्यात शिट्टी वाजायला लागली आणि त्या बाजूचं सगळं जग बंद झालं. तो रडत होता आणि मारायला पुन्हा वाकत होता. इतकी माणसं होती, साहेब होते, कोणीही हललं नाही. काका मध्ये आले. मोडलेला हात पुढे करून ते माझ्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "बस कर. पाड्यावर दगड मारलेस तवा बी तू असाच इचार केला नव्हतास."

भाऊ थांबला. मग ड्रमांजवळ जाऊन खाली बसला आणि कितीतरी वेळ डोकं गुडघ्यात घालून बसून राहिला.

कानाचा पडदा फाटला होता. बदलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणी मारलं? मी पडले म्हणून सांगितलं. आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो भाजलेला? तो कसा आहे?" मला तोवर माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात फोन केला. जगेल, म्हणाले.

इन्स्पेक्टरच्या रिपोर्टात माझं आणि कंपनीचं नाव गेलं. सरांनी मला काढलं. पण त्याआधी पंधरा दिवस मी त्या क्रेनवर होते, कारण दुसऱ्या कोणाला ते उलगडत नव्हतं. सेन्सरची रांग मी काढून टाकली, ताजी मोजणी निघाली की जुनी फेकायची. प्रत्येक कोनाचं वय पॅनल तपासायला लागलं, ठरलेल्या वयापेक्षा शिळा कोन तिथेच टाकून द्यायचा. ताजा कोन काही काळ आलाच नाही तर झोक थांबवणं बंद, भोंगा चालू, ट्रॉली सावकाश, आणि क्रेन माणसाच्या हातात. हिरवा दिवा उपटून काढला, त्या जागी कोनाचं वय दाखवणारा आकडा लावला. कॅमेऱ्यांना केबल टाकायला लावली.

शेवटची चाचणी मी कारखाना पूर्ण चालू असताना घेतली. दोनदा मुद्दाम रेडिओ बंद पाडला, तिसऱ्यांदा नुसता उशीर घातला. भोंगा वाजला तेव्हा दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर दचकले. मी त्यांना सांगितलं, भोंगा वाजला की झोक तुम्ही पकडायचा, आणि तो पकडायला आज शिकायचं. शिकवायला काका आले होते. रिमोट गळ्यात घेतला नाही, बाजूला उभं राहून तोंडाने सांगत होते. "आता. आता नको. आता." मुकादम लांबून बघत होता. त्याने काकांची माफी मागितली नाही, काकांनीही वाट बघितली नाही. संध्याकाळी ते पाड्यावर गेले आणि त्या कारखान्यात परत आले नाहीत.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी उल्हासनगरच्या बाजारात मला तो भाजलेला माणूस दिसला. भाऊ कामाला होता त्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून जीन्सच्या घड्या घालत होता. मानेवर गुलाबी गुळगुळीत वण, उजव्या हाताची तीन बोटं तळव्याकडे वळलेली. घडी तो डाव्या हाताने घालत होता आणि उजव्या मनगटाने दाबत होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मी कोण ते सांगितलं. तो मला ओळखत नव्हता, त्याने मला केबिनच्या काचेआड कधी पाहिलंच नव्हतं.

"भाई ने आपको मारा था," तो म्हणाला.

"हाँ."

त्याने मान हलवली. बरं केलं की वाईट, ते त्यावरून कळलं नाही. त्याने आणखी दोन जीन्सच्या घड्या घातल्या. मग वर न बघता विचारलं, "मेरी जगह अब कौन खड़ा है?"

मला नाव माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "उसको बोलना, लोड आता है तो फळी पे नहीं रुकना. मशीन कुछ भी बोले."

मी दुसऱ्या दिवशी अंबरनाथला गेले. आता मी तिथे कोणीच नव्हते, वॉचमनने आत सोडलं नाही. गेटवर थांबून राहिले. पाळी सुटली तेव्हा राख काढणारा नवा माणूस बाहेर आला, त्याला बाजूला घेतलं आणि निरोप सांगितला. त्याने तो उजव्या कानाजवळ हात धरून, कारखान्याच्या आवाजात ऐकायची सवय असलेल्या माणसासारखा, नीट ऐकला. दोनदा विचारून घेतला. मग सायकल काढली आणि निघून गेला.